ऊसतोडीला परराज्यात गेल्यावर आयुष्मान कार्ड चालतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना या भागातून टोळ्या निघतात. त्यातल्या कितीतरी कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट पट्ट्यात आणि गुजरातेतल्या कारखान्यांवर जातात. हंगामाचे चार-पाच महिने आजारपण आलं, अपघात झाला, तर गावाकडचं कार्ड तिकडच्या दवाखान्यात चालेल का, याबद्दल जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. बांधकाम, वीटभट्टी किंवा हॉटेलातल्या कामासाठी परराज्यात जाणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू होतं.

एका वाक्यात सांगा, कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं की नाही?

पंतप्रधान जन आरोग्य योजनेचं, म्हणजे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं कार्ड असेल तर चालतं. महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेपुरतीच पात्रता असेल तर ती राज्याची सोय आहे आणि परराज्यातल्या दवाखान्यात ती धरून चालता येत नाही. घोळ होतो तो इथेच, कारण महाराष्ट्रात या दोन्ही योजना 2020 पासून एकत्र राबवल्या जातात. दवाखान्यात काउंटर एक, तिथे योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र एक, लोकांच्या तोंडीही एकच नाव. गावात असेपर्यंत फरक जाणवत नाही. तो जाणवतो सीमेपलीकडे गेल्यावर.

मग माझं कार्ड कुठलं, हे ओळखायचं कसं?

कार्डावरच्या चित्रांवरून आणि चिन्हांवरून ठरवू नका. महाराष्ट्रात दोन्ही योजनांची नावं एकाच कार्डावर दिसू शकतात. खात्रीचे रस्ते दोन. एक म्हणजे 14555 या केंद्राच्या क्रमांकावर फोन करून नाव, जिल्हा आणि कार्डाचा क्रमांक सांगायचा आणि सरळ विचारायचं, “हे कार्ड कर्नाटकात पोर्टेबिलिटीमध्ये चालेल का?” पोर्टेबिलिटी म्हणजे एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात वापरण्याची सोय. दुसरा रस्ता म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, योजनेतल्या कुठल्याही दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला तेच विचारायचं. त्याच्या संगणकावर तुमचं कुटुंब कुठल्या योजनेखाली आहे ते दिसतं. फोन आणि इंटरनेट वापरणारं कुणी घरात असेल तर beneficiary.nha.gov.in वर आधार क्रमांकाने नाव शोधता येतं.

हे काम मुकादमाची उचल घेतली त्याच आठवड्यात करावं. रात्री दोन वाजता ट्रॉलीखाली पाय सापडल्यावर 14555 लावत बसायला कुणाला सुचत नाही.

माझ्याकडे तर तीन-चार कार्डं आहेत. त्यातलं दवाखान्यात कुठलं चालतं?

ही अडचण खरी आहे. सेतूवाल्याने जे जे काढून दिलं ते सगळं लॅमिनेट होऊन एकाच पिशवीत राहतं. त्यातलं आयुष्मान कार्ड हे दवाखान्यात भरती झाल्यावर खर्च उचलणारं. आभा कार्डावर चौदा अंकी क्रमांक असतो, पण ते फक्त आरोग्याच्या कागदपत्रांचं खातं आहे, त्यात पैसा नाही. ई-श्रम कार्ड म्हणजे असंघटित कामगार म्हणून झालेली नोंद. त्यावर ऑपरेशन होत नाही. ‘आयुष्मान’ आणि ‘आभा’ ही नावं एकाच सरकारी जाहिरातीत येतात, त्यामुळे शिकलेली माणसंही त्यात गोंधळतात.

कारखान्यात पगारी नोकरी असेल आणि पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जात असेल तर तो वेगळा आणि भक्कम आधार आहे, तो देशभरच्या ईएसआय दवाखान्यांत चालतो. ऊसतोडीच्या मजुराला सहसा तो नसतो.

रेशन दुसऱ्या राज्यात मिळतं, मग दवाखाना का मिळत नाही?

‘एक देश एक रेशनकार्ड’ 2019 साली महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा जोड्यांपासून सुरू झालं आणि 2022 पर्यंत सगळ्या राज्यांत पोचलं. तिथे गहू-तांदूळ केंद्राचा आहे, दुकानातलं यंत्र आधारवर बोट ओळखतं आणि धान्य देतं. घरच्यांनी गावाकडे आपला वाटा उचलला आणि तुम्ही तुमचा वाटा कर्नाटकात जमखंडीला उचलला, हेही चालतं.

दवाखान्याचं तसं नाही. दवाखाना खाजगी असू शकतो, त्याला योजनेत असण्याची सक्ती नसते, तो कधीही बाहेर पडू शकतो, आणि सगळेच उपचार सगळीकडे नसतात. म्हणजे कार्ड तुमच्यासोबत प्रवास करतं, दवाखान्यांची यादी मात्र प्रत्येक जिल्ह्याची वेगळी.

रेशनकार्डाचा दवाखान्याशी आणखी एक संबंध आहे. परराज्यात कायमचं राहायचं ठरवून कुणी तिकडचं रेशनकार्ड काढायला जातं, त्यासाठी इकडचं नाव कमी करावं लागतं, आणि मग महाराष्ट्राच्या योजनेतला हक्क डळमळतो, कारण इथली पात्रता बरीचशी रेशनकार्डावर उभी आहे. हंगामापुरतं जाणाऱ्याने नाव कमी करू नये. धान्य तर नाव न हलवताही मिळतं.

यादीतला दवाखाना शोधायचा कसा?

hospitals.pmjay.gov.in या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि उपचाराचा प्रकार निवडला की यादी येते. यात उपचाराचा प्रकार निवडणं लोक विसरतात आणि तिथेच फसतात. एखादा दवाखाना फक्त डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी यादीत असतो. नाव दिसलं म्हणून हाड मोडलेला माणूस तिथे नेला तर “कार्ड चालत नाही” असं उत्तर मिळतं, आणि घरचे समजतात की कार्डच खोटं. कार्ड खरं, दवाखानाही खरा, पण हाडांचा विभाग यादीत नाही.

यादी पाहिल्यावर त्या दवाखान्यात फोन करून आयुष्मानचा माणूस आहे का ते विचारावं. नाव यादीवर असून काम थांबलेलं असतं असे दवाखाने भेटतात. एकाच नावाच्या दोन शाखा असतील तर यादीतली शाखा कुठली, पत्ता कुठला, हेही बघावं लागतं.

टोळी कुठल्या कारखान्याला लागली हे कळलं की त्या तालुक्यातला सरकारी दवाखाना आणि जिल्ह्यातले हाडांचे, बाळंतपणाचे, पोटाच्या ऑपरेशनचे एक-दोन यादीतले दवाखाने लिहून ठेवावेत. टोळीत पंधरा कोयते असतात, कागद एकच पुरतो. तो मुकादमाच्या खिशात न ठेवता कोपीवर ठेवावा, कारण मुकादम बऱ्याचदा कारखान्यावर असतो.

प्रत्यक्षात काय काय होतं, एखादं उदाहरण देता का?

समजा, धारूर तालुक्यातलं एक जोडपं बागलकोट जिल्ह्यात जमखंडीच्या बाजूला तोडीला आहे. ट्रॉली भरताना मोळी निसटली, नवरा खाली आला, नडगीचं हाड मोडलं. जवळचा खाजगी हाडाचा डॉक्टर प्लेट टाकावी लागेल म्हणतो, खर्च सांगतो आणि वर “महाराष्ट्राचं कार्ड इथं नाही” हेही सांगतो.

इथे पहिला प्रश्न असा विचारायचा: तुमचा दवाखाना योजनेतच नाही, की हाडांसाठी नाही, की बाहेरच्या राज्याचा रुग्ण घेत नाही? पहिल्या दोन्ही उत्तरांवर वाद घालण्यात अर्थ नाही, दुसरा दवाखाना शोधायचा. तिसरं उत्तर आलं तर 14555 वर तिथूनच फोन लावायचा, कारण यादीतल्या दवाखान्याने परराज्याचा म्हणून रुग्ण नाकारणं योजनेत बसत नाही.

या उदाहरणात दवाखाना योजनेतच नाही असं धरू. पुढचं पाऊल तालुक्याचा सरकारी दवाखाना. कर्नाटकात ही पायरी विशेष महत्त्वाची आहे, कारण तिथे तातडीचे प्रकार सोडले तर खाजगी दवाखान्यात योजनेतून जाण्याआधी सरकारी दवाखान्याचं शिफारसपत्र मागण्याची पद्धत आहे. महाराष्ट्रातल्या माणसाला ही सवय नसते. तो थेट मोठ्या खाजगी दवाखान्यात जातो आणि तिथून परत पाठवला जातो. सरकारी डॉक्टर एक्स-रे काढतो, पायाला आधार बांधतो आणि एकतर जिल्हा रुग्णालयात पाठवतो किंवा यादीतल्या खाजगी दवाखान्याच्या नावे पत्र देतो. 108 ची गाडी कर्नाटकातही फुकट असते, तिला राज्याचा संबंध नाही.

यादीतल्या दवाखान्यात पोचल्यावर काउंटरवर आयुष्मान कार्ड आणि आधार द्यायचं आणि “महाराष्ट्र, पोर्टेबिलिटी” हे दोन शब्द बोलायचे. कन्नड येत नसलं तरी हे शब्द तिथल्या माणसाला कळतात. ते का बोलायचे? संगणकावर नाव शोधताना त्याने कर्नाटक निवडलं तर तुमचं नाव सापडणारच नाही. “नाव नाही” या उत्तरामागे कितीदा तरी एवढंच कारण असतं. मूळ राज्य महाराष्ट्र निवडलं की कुटुंब दिसतं, मग आधारची खातरजमा होते, आणि ऑपरेशनची पूर्वमंजुरी मागितली जाते. बाहेरच्या रुग्णाचा खर्च शेवटी मूळ राज्य सोसतं, म्हणून मंजुरीला स्थानिक रुग्णापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. तेवढा वेळ बायकोने धीराने काढायचा आणि “तोवर थोडे पैसे भरा” याला हो म्हणायचं नाही. मंजुरी आली की ऑपरेशन, प्लेट, औषधं, खाट आणि जेवण पॅकेजमध्ये येतं.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रे मागून घ्यायचे. हंगाम संपवून धारूरला परतल्यावर इथला डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारणार आहे.

बोटांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा?

कोयता धरणाऱ्या हाताच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, हंगामाच्या मध्यावर तर यंत्र बोट घेतच नाही. म्हणून काउंटरवर बोट नाही लागलं तर ओटीपी, डोळ्यांची बाहुली किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगायचं. ओटीपी मात्र आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि तो नंबर पुष्कळदा गावाकडे राहिलेल्या भावाचा, नाहीतर कधीच बंद पडलेल्या सिमचा असतो. निघण्याआधी आधार केंद्रावर जाऊन सोबत नेणार असलेला नंबर जोडून घेतला की हा प्रश्न मिटतो. मिटला नसेल तर ज्याचा नंबर आहे त्याला फोनजवळ बसवून ठेवा.

पाच लाख गावाकडे वेगळे आणि तिकडे वेगळे का?

नाही. एका कुटुंबाला एका वर्षाला उपचारासाठी मिळून पाच लाख रुपये. त्यातले काही कर्नाटकात वापरले तर उरलेले महाराष्ट्रात. मात्र नवरा बागलकोटात भरती असताना गावाकडे आजीजवळ ठेवलेलं लेकरू बीडला भरती झालं तर दोघांनाही त्याच रकमेतून उपचार मिळतात. नव्या सुनेचं नाव कुटुंबात चढवलेलं नसेल तर तिला यातलं काही मिळत नाही, आणि ते नाव रेशनकार्ड किंवा लग्नाचा दाखला दाखवून आधीच चढवून घ्यावं लागतं. तोडीला जाणाऱ्या जोडप्यांत नुकतंच लग्न झालेली बरीच असतात आणि नेमक्या त्याच मुलीचं नाव कुठल्याच यादीत नसतं. बाळंतपण तिकडेच येण्याची शक्यता असेल तर सगळ्या कागदांत हे काम पहिलं करा.

ताप, खोकला, अंगदुखी यासाठी कार्ड दाखवलं तर?

उपयोग नाही. कार्ड भरती होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांसाठी आहे. बाहेरून बाहेर तपासून घेणं, गोळ्या, सलाईन लावून संध्याकाळी सोडणं यात येत नाही. त्यासाठी कुठल्याही राज्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, तिथे कार्ड लागत नाही. फडावरचा सलाईनवाला डॉक्टर जितके पैसे घेतो, तितक्यात आरोग्य केंद्रापर्यंतचं रिक्षाचं भाडं निघून वर उरतं.

यादीतला दवाखानाच टाळाटाळ करतो. का करतो?

कारण सहसा पैशाचं असतं. दवाखान्याला बिल नंतर मिळतं, आणि थकलेल्या बिलांवरून खाजगी दवाखान्यांनी काम थांबवल्याचे प्रसंग घडले आहेत. हरियाणात 2025 च्या ऑगस्टमध्ये खाजगी दवाखान्यांनी याच मुद्द्यावर योजनेतलं काम बंद ठेवलं होतं. बाहेरच्या राज्याच्या रुग्णाचं बिल तर दुसऱ्या राज्याकडून यायचं असतं, म्हणून “खाट नाही”, “मशीन बंद आहे”, “सोमवारी या” अशी उत्तरं मिळतात. दवाखान्याची अडचण समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत पाय मोडलेल्या माणसाने मोजावी असा त्याचा अर्थ होत नाही.

अशा वेळी नकार कागदावर मागा. बहुतेकदा देणार नाहीत. मग 14555 वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. cgrms.pmjay.gov.in वरही तक्रार करता येते. दवाखान्याचं नाव, तारीख, वेळ आणि काउंटरवरचा माणूस काय म्हणाला ते लिहून ठेवा. पैसे भरावे लागले असतील तर दवाखान्याच्या छापील पावतीशिवाय तक्रारीत काही उरत नाही. चिठ्ठीवर लिहिलेला आकडा म्हणजे पावती नव्हे.

दुखणं तातडीचं असेल तर तक्रार करत उभं राहू नका. सरकारी जिल्हा रुग्णालय गाठा, भांडण नंतर.

सगळ्या राज्यांत हे सारखंच आहे का?

नाही. योजना 2018 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा तेलंगण, ओडिशा आणि दिल्ली तीत नव्हती. तेलंगण 2021 मध्ये आलं, ओडिशा आणि दिल्ली 2025 मध्ये. पश्चिम बंगाल 2019 च्या जानेवारीत बाहेर पडलं. म्हणून बंगालकडे जाणाऱ्याने किंवा तिकडून इथे कामाला आलेल्याने 14555 वर विचारल्याशिवाय काही गृहीत धरू नये. शिवाय काही उपचार प्रत्येक राज्य सरकारी दवाखान्यांसाठी राखून ठेवतं, त्यामुळे बीडला खाजगीत झालेलं तेच ऑपरेशन दुसऱ्या राज्यात फक्त सरकारीत होतं असंही घडतं.

बिहार, उत्तर प्रदेशातून महाराष्ट्रात कामाला आलेल्यांचं काय?

त्यांचं केंद्राचं आयुष्मान कार्ड इथल्या यादीतल्या दवाखान्यात चालतं. फुले योजनेचा लाभ मात्र महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे, त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या माणसाला जे मिळालं ते मला का नाही, हा त्यांचा प्रश्न नेहमी येतो. त्यांच्या बाबतीतही संगणकावर मूळ राज्य निवडण्याचीच गल्लत होते.

बांधकाम मजुरांच्या मंडळाचं कार्ड दुसऱ्या राज्यात नेता येतं का?

ते मंडळ राज्याचं असतं, त्यामुळे तिथे नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मागच्या वर्षभरात किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो.

उपचार तिकडे झाला, टाके काढायच्या आत पट्टा पडला आणि टोळी गावी परत आली. पुढचं कोण बघणार?

योजनेत भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुट्टीनंतरचे पंधरा दिवस धरलेले असतात, पण ते ज्या दवाखान्यात उपचार झाला त्याच दवाखान्याच्या पॅकेजमध्ये. म्हणजे जमखंडीकडून धारूरला आल्यावर टाके काढणं किंवा ड्रेसिंग इथल्या खाजगी डॉक्टरकडे त्या पैशात होत नाही. म्हणून सुट्टी घेतानाच डॉक्टरला सांगायचं की आम्ही अमुक दिवशी गावी जाणार, पंधरा दिवसांची औषधं सोबत द्या आणि टाके कधी काढायचे ते लिहून द्या. ते टाके ग्रामीण रुग्णालयात फुकट निघतात. पुढे प्लेट काढायची वेळ आली तर ती नवी भरती असते आणि तिला नवी पूर्वमंजुरी लागते. तेव्हा काउंटर महाराष्ट्रातला असेल, आणि तिथे प्रश्न पडल्यास 155388 हा फुले योजनेचा क्रमांक लावायचा.